पुढं कोण, मागं कोण

शिट्टी वाजली तोवर चेंडू पलीकडच्या कोर्टात आपटून थेट रसवंतीच्या खोपटापर्यंत गेला होता. आमच्या गावची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती, हलगीवाल्यानं ठेका धरला होता. व्हॉलीबॉलच्या सामन्यात बावीस-बावीसवर असा स्मॅश बसला की गाव वेडं होणारच. पण पहिल्या पंचांनी पंजा उघडा ठेवून हात कोपरातून खाली आणला आणि पॉइंट समोरच्या टीमला दिला. मी स्कोअरर म्हणून टेबलावर होतो. आमच्या समोर बावीस आणि त्यांच्या समोर तेवीस झालं, ते मी शीटवर मारलं आणि वर बघितलं तर स्मॅश मारणाऱ्या उंच पोराचा बाप दोरी ओलांडून आत आला होता. ‘‘चेंडू आत पडला का नाही? नेटला हात लागला का? मग पॉइंट कसा गेला?’’ त्याच्या तिन्ही प्रश्नांत चूक काही नव्हती. चेंडू आत पडला होता, नेटला हात लागला नव्हता. आणि त्याच बापानं अर्ध्या मिनिटापूर्वी ‘‘पुढं जा, पुढं जा’’ म्हणून गळा काढला होता, म्हणून पोरगं पुढं गेलं होतं. पोरानं बापाकडं बघितलं, मग टीमच्या सरांकडं, मग मान खाली घालून आपल्या जागेवर गेलं. ते मला आजही टोचतं, कारण त्या मैदानावर त्या क्षणी खेळ नीट समजत होता तो त्या पोरालाच, आणि बोलायची सोय नव्हती तीही त्यालाच.

त्या बापाला दोष देववत नाही. आमच्याकडं सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात त्याच्या वयाचे सगळे जण शूटिंगबॉलवर वाढलेत. उन्हाळ्यात सुगी संपली की मोकळ्या झालेल्या शेतात नाहीतर शाळेमागच्या पटांगणात नेट बांधायची, दोन बल्ब लावायचे आणि रात्री उशिरापर्यंत मुठीनं चेंडू हाणायचा. तिथं माणसाची जागा ठरलेली असते. जो नेटमन तो नेटवरच, जो शूटर तो मागून शूट मारणार, आणि ही जागा सामन्यापुरती नाही, गावात आयुष्यभराची असते. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या परगावच्या एका म्हाताऱ्यानं त्यांची ओळख ‘‘तुमचा नेटमन गेला’’ अशीच काढली होती. तेव्हा ज्या बापानं आयुष्यभर हा खेळ बघितला, त्याला आपलं साडेपाच फुटांच्या वर गेलेलं पोरगं मागच्या ओळीत उभं दिसलं की सरांनी त्याला डावललं असंच वाटणार. त्याच्या डोळ्यांपुढचा खेळ वेगळा आणि फक्कीच्या रेघांत चाललेला खेळ वेगळा. नेट मात्र तसंच दिसतं, फसगत होते ती तिथं.

तो सेट गेला. तिसरा सेट पोरांनी ओढून काढला आणि संध्याकाळच्या सेमीफायनलला पोचली. जेवणाची सुट्टी झाली, पोरं भाताच्या पंगतीला गेली आणि मैदान रिकामं झालं. बाप अजून दोरीजवळ घुटमळत होता, चार पालक त्याच्याभोवती उभे राहून पंच कुठल्या गावचा याची चौकशी करत होते. मी त्यांना म्हटलं, या आत, मी सांगतो. तोंडानं सांगून काही होणार नव्हतं. दहा मिनिटं सांगितल्यावर लोक मान हलवतात आणि पुढच्या पॉइंटला पुन्हा तेच ओरडतात. म्हणून मी सहा जणांना कोर्टातच उभं केलं, प्रत्येकाला आपापल्या पोराच्या जागेवर. आमच्या सेटरची आई मागं उजव्या कोपऱ्यात. तिच्या पुढं, नेटजवळ उजवीकडं, उंच पोराचा बाप. नेटच्या मध्यभागी एका पोराचे एसटीतून निवृत्त झालेले आजोबा, डावीकडं एक तरुण वडील. मागं डाव्या कोपऱ्यात एका पोराचा काका आणि मागच्या ओळीत मधोमध एक आजी, जिचा नातू आमच्या टीममधला सगळ्यात शांत ब्लॉकर. सामना सुरू होताना सरांनी पंचांना दिलेल्या चिठ्ठीत पोरांची जागा हीच होती.

आता आकडे. मागचा उजवा कोपरा एक. त्याच्या पुढं नेटला दोन, मधे तीन, डावीकडं चार, मग मागं डावा कोपरा पाच आणि मागचा मध्य सहा. मी काठीनं मातीत आकडे काढले. मग म्हटलं, फिरा. आणि सगळे उलटे फिरायला लागले. एकावरची बाई दोनाकडं, दोनावरचा बाप तीनाकडं. आकडे चढत जातात तसं माणूस जातं, असं कुणालाही वाटतं. खेळात मात्र दोनावरचा एकावर येतो आणि एकावरचा सहावर जातो. मी घड्याळाचे काटे सांगायला लागलो, तोवर आजीनंच सोडवलं. ती म्हणाली, ‘‘अरे, देवळाला फिरतो तसंच की. देव उजव्या हाताला ठेवायचा.’’ आणि चालत सहावरून पाचावर गेलीसुद्धा. बाकीचे तिच्यामागं नीट फिरले. कोर्टाचा मध्य उजव्या हाताला ठेवून चाललं की वाट चुकत नाही.

मग आकडे उलटे का? सेटरच्या आईनं विचारलं. कारण तो आकडा सर्व्हिसच्या पाळीचा आहे. एकावर जो आहे त्याच्या हातात सर्व्हिस, दोनावरच्याची त्यानंतर, तीनावरच्याची त्यानंतर. बाईंनी लगेच धरलं, ‘‘मग माझं पोरगं एकावर उभं होतं, पहिली सर्व्हिस त्यानं का नाही मारली? ह्यांच्या पोरानं मारली.’’ हा प्रश्न मला अनेक गावांत अनेकांनी विचारलाय आणि जवळजवळ दर वेळी विचारणाऱ्याच्या मनात संशय असतो. उत्तर असं की पहिली सर्व्हिस समोरच्या टीमकडं होती. समोरच्यांची सर्व्हिस असताना आपण पॉइंट मिळवला की सर्व्हिस आपल्याकडं येते, आणि सर्व्हिस येताना आधी एक जागा फिरायचं, मग मारायची. म्हणजे दोनावरचं उंच पोरगं एकावर आलं, त्यानं मारली, आणि बाईंचा मुलगा न मारताच सहावर सरकला. पहिली सर्व्हिस समोरच्यांची असेल तर एकावर उभा राहिलेल्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. आणि सर्व्हिस आपलीच असताना पॉइंट मिळाला तर कुणी हलत नाही, तोच पुन्हा मारतो. काकांच्या लक्षात हे पटकन आलं, कारण त्यांना जुना हिशेब आठवत होता. तेव्हा पॉइंट फक्त आपल्या सर्व्हिसवर मिळायचा, दुसऱ्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर नुसती ‘‘सर्व्हिस चेंज’’. आता पॉइंट दोन्हीकडं मिळतो, पण फिरणं अजून त्या सर्व्हिस चेंजलाच बांधलेलं आहे.

मी त्यांना आणखी एकदा फिरवलं.

आता जी जागा आली ती बावीस-बावीसची. शीटवर मी ती पाहिली होती, म्हणून मुद्दाम तिथं थांबवलं. सेटरची आई पाचावर, मागं डाव्या कोपऱ्यात. उंच पोराचा बाप सहावर, मागं मधे. आजोबा फिरत फिरत एकावर आलेले. पुढं दोनावर ते तरुण वडील, तीनावर काका, चारावर आजी. बाप म्हणाला, ‘‘हेच तर म्हणतोय मी. महत्त्वाच्या वेळी माझं पोरगं मागं आणि ह्यांचं पुतणं पुढं. अदलाबदल करायला काय जातंय?’’ मी त्याला म्हटलं, तुमच्या आणि काकांच्या मधे किती जागा आहेत मोजा. एका बाजूनं मोजल्या, दोन. दुसऱ्या बाजूनं, पुन्हा दोन. बरोबर समोरासमोर. टीममधले दोन चांगले मारणारे सरांनी असे समोरासमोर ठेवले आहेत, म्हणजे तुमचा पोरगा मागं गेला की काकांचा पुतण्या पुढं येतो, आणि पुतण्या मागं गेला की तुमचा पुढं. सेटभर कधीही नेटवर दोघांपैकी एक असतोच. दोघांना शेजारी ठेवलं असतं तर काही वेळ दोघंही नेटवर असते, मग तेवढाच वेळ दोघंही मागं असते, आणि समोरच्यांनी तेव्हाच पॉइंटांची रांग लावली असती.

बाप गप्प झाला नाही. हुशार माणूस. म्हणाला, ‘‘बरं, मागं असताना त्याला बाहेर काढा, आणि पुढच्या जागेवर दुसऱ्याच्या बदली आत घाला.’’ तेही होत नाही. बाहेर गेलेला खेळाडू त्या सेटमध्ये एकदाच परत येऊ शकतो, आणि तोही त्याच्या जागी गेलेल्या पोराच्याच बदली. म्हणजे परत येतो तो आपल्याच दोन शेजाऱ्यांच्या मधे. मी त्याला हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो की तुमच्या पोराची जागा मातीत शोधू नका. त्याची जागा म्हणजे सेटरच्या मागून सर्व्हिस आणि आजोबांच्या नातवाच्या आधी सर्व्हिस. ह्या दोघांच्या मधला तो. कोर्टात तो कुठंही दिसला तरी हे दोन शेजारी सेट संपेपर्यंत सुटत नाहीत. सर्व्हिसची ही पाळी चुकली तर पंच तर्जनी गोल फिरवतात, सर्व्हिस आणि पॉइंट जातोच, वर चुकीच्या खेळाडूनं सर्व्हिस करताना मिळवलेले पॉइंटही स्कोअररला खोडावे लागतात. मला ते खोडताना फार वाईट वाटतं. पोरांनी घाम गाळून मिळवलेले असतात.

सेटरची आई मात्र आपल्या कोपऱ्यात उभी राहून नेटकडं बघत होती. तिचा मुलगा टीममध्ये सगळ्यांत ठेंगणा. जुनी माणसं ज्याला बूस्टर म्हणायची ते काम त्याचं, प्रत्येक दुसरा हात त्याचा. तिला एवढं ठाऊक होतं की तो नेहमी पळत नेटजवळ येतो, मधल्यापासून जरा उजवीकडं, आणि तिथून चेंडू वर देतो. ती म्हणाली, ‘‘तिकडं पळायचंच आहे तर आधीच तिकडं का उभा राहत नाही? हितनं तिथवर धाप लागते पोराला.’’ मला हा त्या दुपारचा सगळ्यांत चांगला प्रश्न वाटला. मी म्हटलं, वहिनी, जा, तिथं उभ्या राहा. त्या उजवीकडं जाऊन उभ्या राहिल्या. मी पलीकडून सर्व्हिस मारल्यासारखी टाळी वाजवली आणि शिट्टी दिली. चूक.

टाळी वाजते त्या क्षणी, म्हणजे सर्व्हिसला हात लागतो त्या क्षणी, घेणाऱ्या टीमला आपल्या पाळीप्रमाणे उभं असावं लागतं. त्यानंतर कुणी कुठंही पळावं. पण पाळीप्रमाणे म्हणजे आकड्यावर पाय रोवून नाही. पाचावरच्याला दोनच बंधनं आहेत. तो सहावरच्याच्या डावीकडं हवा आणि चारावरच्याच्या मागं हवा. बाकी चौघांशी त्याचा संबंध नाही. आणि हे सगळं पावलांवरून मोजतात, खांद्यावरून नाही. मी वहिनींना आणि बापाला शेजारी उभं केलं. वहिनींच्या डाव्या चपलेचा अंगठा बापाच्या डाव्या बुटापेक्षा वीतभर जरी डाव्या रेघेकडं असला तरी चालतं. मग मी आजीला म्हटलं, नेटजवळ जा. आजी पदर खोचून गेली. वहिनींना आजीच्या पाठीमागं, पाऊलभर अंतरावर उभं केलं. आता वहिनी चारच्या मागं आहेत, सहाच्या डावीकडं आहेत, आणि नेटपासून चार पावलांवरही आहेत. कोपऱ्यातून आठ मीटर पळायचं होतं ते निम्म्यावर आलं. मग आजीला आणखी उजवीकडं सरकवलं, काकांच्या डाव्या पावलाला भिडेपर्यंत. वहिनीही तिच्यामागून सरकल्या. ‘‘असं रांगेत का उभी राहत्यात पोरं, ते आत्ता कळलं,’’ वहिनी म्हणाल्या. प्रेक्षकांतून ते खरंच विचित्र दिसतं, मोकळं मैदान पडलेलं आणि दोन पोरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावल्यासारखी.

पण फुकट काही मिळत नाही. मी पलीकडं जाऊन चेंडू हातात घेतला आणि विचारलं, आता मी कुठं मारू? सगळ्यांनी एकदम मागं वळून बघितलं. डावा कोपरा ओसाड. सेटर आणि चारावरचा पुढं उजवीकडं सरकले की त्या कोपऱ्याला वाली राहत नाही. सहावरचा सेटरच्या उजवीकडंच राहायला बांधलेला, तीनावरचा चारच्या उजवीकडं. समोरच्या टीमच्या पोरानं बावीस-बावीसला तिथंच मारली होती. काकांचा पुतण्या आडवा पळत गेला, दोन्ही हात जोडून त्यानं चेंडू उचलला, पण वाकडा उडाला. सेटर नेमाप्रमाणे उजवीकडं पोचलेला होता आणि चेंडू डावीकडं, नेटच्या वर लोंबकळत. दुसरा हात द्यायला कुणी नाही. अशा वेळी मागून एक उंच पोरगं धावत येतं, बाप ‘‘पुढं जा’’ म्हणतोय, चेंडू नेटच्या वर अगदी मारण्याजोगा, आणि ते उडी मारतं.

बापाला मी तीन मीटरच्या रेघेजवळ नेलं. नेटच्या मधल्या रेघेपासून तीन मीटरवर, फक्कीनं मारलेली. मागच्या ओळीतल्या खेळाडूनं ह्या रेघेच्या आत पाय ठेवून उडी मारली आणि पूर्ण नेटच्या वर असलेला चेंडू पलीकडं मारला तर चूक. चेंडू नेटच्या पट्टीच्या खाली असेल तर तिथूनही ढकलता येतो. आणि रेघेच्या मागून उडी घेतली तर हवेतून पुढं जाऊन मारलं, खाली नेटजवळ पडलं, तरी काही हरकत नाही. उडी कुठून घेतली तेवढंच बघतात, पण रेघेला पाय लागला तर तोही आत धरतात. दुपारचं ऊन उभं होतं, मैदानावर सकाळी मारलेलं पाणी सुकलेलं, तरी त्या रॅलीचे ठसे शाबूत होते. रेघेवर फक्की पुसलेला एक पंजा आणि त्याच्या आत हातभर अंतरावर दुसरा, टाच खोल रुतलेली. बाप उकिडवा बसला आणि त्यानं टाचेच्या खळग्यात दोन बोटं घातली. ‘‘एवढ्यानं गेला,’’ म्हणाला. मग जरा वेळानं, ‘‘आणि मीच ओरडत होतो.’’ मी त्यावर काही बोललो नाही. पोराला ओरड्याशिवायही तो चेंडू सोडवला नसता.

ह्या नियमाबद्दल माझं मन कधी एका जागी राहत नाही. वडिलांचा शूटिंगबॉल मला आवडायचा तो त्यातल्या ठरलेपणामुळंच. एका माणसानं एकच काम वीस वर्षं करावं आणि त्यात इतकं मुरावं की त्याच्याकडं नुसतं बघत राहावं, यात वेगळाच कस आहे. फिरती पाळी तो कस मोडते. आमच्या ठेंगण्या सेटरला तीन जागांपुरतं नेटवर उभं राहावं लागतं, आणि समोरचे पोरगे नेमके त्याच्या डोक्यावरून मारतात. त्याची आई तेव्हा मैदानाकडं पाठ करून उभी राहते, हे मी टेबलावरून बघितलंय. पण त्याच पाळीमुळं त्या उंच पोराला सर्व्हिस घ्यायला शिकावं लागलं, नाहीतर त्यानं आयुष्यभर फक्त मारलं असतं. मोठ्या संघांनी यातून वाट काढली आहे. 1998 पासून वेगळ्या रंगाच्या जर्सीतला लिबेरो मागच्या ओळीत कुणाच्याही बदली येतो, त्यामुळं उंच ब्लॉकरला मागं फारसं राबावं लागत नाही. गावाच्या टीमला तो चैनीचा मामला आहे. सातवा पोरगा रोज सरावाला येईल याचीच खात्री नसते, वेगळ्या रंगाचा टी-शर्ट लांबच.

पंगत उठली तशी पोरं परत यायला लागली आणि आपल्या आयांना-बापांना कोर्टात पाळीनं उभं राहिलेलं बघून थबकली. आजी नातवाला म्हणाली, ‘‘ये, चारावर मी हाय, तू माझ्या मागनं.’’

सेमीफायनलच्या आधी बापानं माझ्याकडं चिठ्ठीसाठी कागद मागितला. मला वाटलं खेळ समजला म्हणून सहज आकडे मांडतोय. तो मात्र तिसऱ्या सेटचा विचार करत होता. तिसरा सेट पंधराचाच असतो, पूर्ण फेरी बहुतेकदा दोनदाही होत नाही, तेव्हा सुरुवात कुठून होते याला पंचविसाच्या सेटपेक्षा जास्त वजन येतं. त्यानं आपल्या पोराला चारावर लिहिलं, म्हणजे पहिल्या तीन जागा नेटवर. समोरासमोर काकांचा पुतण्या एकावर. मग शेजारी बसवायला गेला तर पोराच्या आधीचा सेटर आपोआप तीनावर आला. त्यानं पेन्सिल थांबवली. ‘‘सेटर पुढं आला की नेटवर मारणारे दोनच उरले?’’ मी म्हटलं, हो. सेटर मागं असतो तेव्हा पुढचे तिघंही मारू शकतात, म्हणून सर त्याला एकावरून सुरू करतात. पण तसं केलं की तुमचा पोरगा दोनावर येतो आणि पहिल्याच फेरीत मागं जातो. त्यानं दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी लिहिल्या, एकीत पोरगा चारावर, दुसरीत दोनावर, आणि बराच वेळ बघत राहिला. मग उठून सरांकडं गेला. भांडायला नाही. दोघंही बाकड्यावर बसले, मधे तो कागद, आणि सर चिठ्ठीवर सही करायच्या आधी काहीतरी खोडून पुन्हा लिहीत होते.